शेणाचं घर, मेणाचं घर आणि एक 'थांब'

प्रश्न: एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'विरचना', म्हणजे मजकूर वाचण्याची 'डिकन्स्ट्रक्शन' नावाची रीत, आहे. नोट्स तीनदा वाचल्या, तिन्ही वेळा डोक्यावरून गेल्या. 'बायनरी अपोझिशन' म्हणजे विरुद्ध शब्दांच्या जोड्या, एवढं कळलं. पण त्या जोड्या 'उलथवायच्या' म्हणजे नक्की करायचं काय? जड शब्द न वापरता कुणी एखादा साधा मजकूर वाचून दाखवेल का?

काऊ-चिऊची गोष्ट घेऊ. गंमत म्हणून घेत नाहीये. बावीस वर्षं हा पेपर शिकवतेय. सुरुवातीला फळाभर परिभाषा लिहायचे, मुलं ती वहीत उतरवायची आणि परीक्षेत जशीच्या तशी मला परत करायची. मग एका वर्षी वैतागून ही गोष्ट फळ्यावर लिहिली. तेव्हापासून हा विषय तिथूनच सुरू करते.

शब्दन् शब्द समोर ठेवूनच हे वाचन करता येतं. 'साधारण अशी गोष्ट आहे' एवढ्यावर भागत नाही. म्हणून मी लहानपणी ऐकलेली गोष्ट आधी लिहिते. तुमच्या घरची थोडी वेगळी असेल, त्याबद्दल शेवटी बोलू.

"एक होता काऊ, एक होती चिऊ. काऊचं घर होतं शेणाचं, चिऊचं घर होतं मेणाचं. एकदा काय झालं, खूप मोठा पाऊस आला. काऊचं घर गेलं वाहून. काऊ आला चिऊच्या दारात. म्हणाला, 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' चिऊ म्हणाली, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.' थोड्या वेळानं काऊ पुन्हा म्हणाला, 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाचं अंग पुसू दे.' 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला तीटकाजळ लावू दे.' 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला झोपवू दे.' मग चिऊनं दार उघडलं. काऊ गारठला होता. चिऊ म्हणाली, 'जा, चुलीपाशी बस.'"

एवढाच मजकूर. गोष्ट मात्र फार जुनी आहे. चक्रधरस्वामींनी ती सांगितल्याचं लीळाचरित्रात आहे, म्हणजे तेराव्या शतकापासून मराठीत शेणाचं घर वाहून जातंय आणि मेणाचं टिकतंय.

आता पहिलं काम. मजकुरात कशाच्या समोर काय उभं केलंय ते बघा. शेण आणि मेण. काऊ आणि चिऊ. बाहेर आणि आत. ओला आणि कोरडी. एकटा आणि लेकुरवाळी. मागणारा आणि देणारी. इथवर वर्गातलं कुणीही येतं. पण एवढ्यानं फक्त यादी झाली. मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉससारख्या संरचनावाद्यांनी मिथककथांमधून अशा जोड्या फार बारकाईनं काढून दाखवल्या. जोड्यांमुळे गोष्टीला अर्थ येतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. विरचना या यादीच्या पुढे सुरू होते, आणि तिचा पहिला प्रश्न असा की या जोड्यांत बरोबरी आहे का?

नाही. प्रत्येक जोडीत एक वर बसलाय आणि एक खाली. शिवाय वर बसलेले सगळे एकाच बाजूला आहेत. मेण, चिऊ, आत, कोरडं, लेकुरवाळी, देणारी. ही उतरंड आहे, एकावर एक मडकी ठेवावीत तशी. एक मडकं दुसऱ्याच्या आधारानं उभं असतं, आणि वरून बघणाऱ्याला खालचं दिसत नाही. शेण म्हटलं की मनात 'घाण' येतं, घाण म्हटलं की 'बाहेर', बाहेर म्हटलं की 'उडाणटप्पू', आणि आपण एका दमात 'आळशी' पर्यंत पोचतो.

इथे मी वर्गात नेहमी विचारते, काऊ आळशी आहे असं कुठे लिहिलंय? निम्मा वर्ग हात वर करतो. मग शोधाशोध होते. लिहिलेलं नाही. वर उतरवलेला मजकूर पुन्हा बघा. काऊनं घर कधी बांधलं, किती कष्टानं बांधलं, याबद्दल एक अक्षर नाही. चिऊ कामसू आहे असंही गोष्ट म्हणत नाही. तरी 'या गोष्टीवरून काय शिकलात' म्हटल्यावर सगळे सांगतात, आधीपासून पक्कं घर बांधावं, आळस करू नये. हे शिकवलं कुणी? 'शेण' या एका शब्दानं. तात्पर्य गोष्टीच्या शेवटी येतं असं आपण समजतो, पण या गोष्टीत ते दुसऱ्याच वाक्यात उरकलंय. तोंडात शेण घालणं, शेण खाणं, असे वाक्प्रचार ज्या भाषेत आहेत, तिथे 'काऊचं घर होतं शेणाचं' म्हणताच काऊचा निकाल लागलेला असतो. पाऊस नंतर येतो, शिक्का मारायला.

आता दुसरं काम. जिथे ही उतरंड सर्वांत पक्की वाटते, तिथेच बोट ठेवून बघायचं. इथे ती जागा शेण-मेण ही आहे.

एका वर्षी वर्गात दुष्काळी भागातून आलेली एक मुलगी होती. सहसा बोलायची नाही. ती म्हणाली, "मॅडम, शेण घाण कुठं असतं? आमच्याकडं दर सोमवारी घर सारवतात." वर्ग हसला, पण तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. ज्या भाषेत शेण खाणं ही शिवी आहे, त्याच भाषेत अंगणात शेणाचा सडा टाकल्यावर अंगण स्वच्छ होतं, सुतक फिटल्यावर घर शेणानं सारवून शुद्ध करतात, पंचगव्यात गोमय असतं. म्हणजे घाण तीही शेणच, आणि घाण काढणारंही शेणच. चिऊचं घर इतकं स्वच्छ म्हणून रंगवलंय, तर तिची जमीन कशानं सारवली असेल? गोष्ट सांगत नाही. पण ही गोष्ट सांगणाऱ्या आज्यांच्या पायाखालची जमीन कशाची होती ते सांगायला नको.

आता मेण. चिमणी घरटं गवत-काड्यांचं बांधते, कावळा काटक्यांचं. यातलं कुणीही ना शेण वापरतं ना मेण. मग चिऊच्या घराला मेणच का? लाकूड का नाही, दगड का नाही? उघड आहे, शेणाला यमक जुळतं म्हणून. 'श' च्या जागी 'म' ठेवला की झालं चिऊचं घर. वरचढ वाटणारा शब्द खालच्या शब्दाच्या ध्वनीला टेकून उभा आहे. (उलटंही म्हणता येईल, मेणामुळे शेण आलं. आधी कोण आलं हे ठरवायला काही साधन नाही, आणि ठरवायची गरजही नाही. दोघांपैकी एकही एकटा उभा राहू शकत नाही, एवढं दिसलं की पुरे.) शब्दाचा अर्थ त्याच्या पोटात साठवलेला नसतो, शेजारच्या शब्दांपेक्षा तो वेगळा असण्यातून उगवतो, हे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं म्हणणं तुम्ही पहिल्या वर्षी वाचलं असेल. ते इथे एका अक्षराच्या फरकावर लटकलेलं दिसतं. आणखी एक. मेण तरी कुठून येतं? कामकरी मधमाशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते स्रवतं. शेण गाईच्या पोटातून बाहेर पडतं. दोन्ही कुणाच्या ना कुणाच्या शरीरानं बाहेर टाकलेलं. भाषेनं एकाला वर चढवलं आणि दुसऱ्याला खाली बसवलं.

हे सगळं झालं, पण खरी गाठ अजून आलेली नाही. ती त्याच मुलीमुळे सापडली, आणि ती सापडेपर्यंत मी ही गोष्ट पाच-सहा वर्षं शिकवत होते, हे कबूल करायला हवं. तासाच्या शेवटी, वही बंद करता करता ती म्हणाली, "पण मेणाच्या घरात चूल कशी?"

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. 'जा, चुलीपाशी बस.' चिऊच्या घरात चूल आहे. बाळाला न्हाऊ घालायचंय, म्हणजे ऊन पाणीही असणार. काऊ ज्यासाठी दार ठोठावतोय ती ऊब हेच या घराचं घरपण आहे. आणि मेण साधारण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं, त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मराठी माणसाला हे थर्मामीटरशिवायही ठाऊक आहे. मऊपणा सांगायचा तर तुकोबांनाही मेणच आठवलं. तर या घराला जे घर बनवतं तेच या घराला वितळवणारं आहे. गोष्टीला मेणही हवं, कारण पावसात टिकायला पाहिजे. चूलही हवी, कारण बाहेरचा गारठा आणि आतली ऊब हा फरक दिसायला पाहिजे. दोन्ही एका छपराखाली नांदू शकत नाहीत, आणि दोन्हींवाचून गोष्ट उभी राहत नाही.

आता 'पक्कं घर' हा शब्द तपासा. चिऊचं घर पक्कं ठरलं, कारण गोष्टीनं पाऊस निवडला. हीच गोष्ट वैशाखात घडली असती तर? शेणानं लिंपलेलं घर थंडगार राहिलं असतं आणि चिऊ बाळाला घेऊन काऊच्या दारात आली असती. म्हणजे पक्केपणा हा मेणाचा गुण नाही, ऋतूच्या निवडीचा आहे. गोष्टीनं आपली निवड लपवली आणि ती वस्तूचा स्वभाव म्हणून आपल्या हातात दिली. पावसाकडे कुणी संशयानं बघत नाही, कारण पाऊस निसर्ग आहे, तो काय पक्षपात करणार? मजकूर वाचताना जिथे 'हे तर नैसर्गिकच' असं वाटतं, तिथे अर्धा मिनिट जास्त थांबायचं, ही मी मुलांना लावलेली एकच सवय.

यावर वर्गात ठरलेली तक्रार येते, की लहान मुलांच्या गोष्टीत तर्क कशाला काढायचा, कावळा बोलतो तेही खोटंच आहे की. बरोबर. म्हणूनच मी 'ही चूक आहे' असं म्हणत नाहीये. चूक दाखवणं म्हणजे विरचना नव्हे. कावळा बोलतो ही गोष्टीनं उघडपणे घेतलेली सूट आहे, तिच्यावर कुठलीही उतरंड उभी नाही. मेण आणि चूल यांच्यावर मात्र सगळी उतरंड उभी आहे. आणि तो तडा माझ्या डोक्यातून आलेला नाही, गोष्टीच्या स्वतःच्या दोन शब्दांत आहे. मी फक्त ते दोन शब्द शेजारी ठेवले.

आता तुमचा मूळ प्रश्न, उलथवायचं म्हणजे काय. इथे बहुतेक जण एका पायरीवर अडकतात.

पहिली उलथापालथ सोपी असते, आणि करायलाच लागते. काऊला वर आणायचं. बघा, बाहेर मुसळधार पाऊस, एक बेघर जीव चार वेळा हाक मारतो, 'ताई' म्हणतो, नातं जोडतो. आत चिऊ काजळ लावत बसलीय. मालकीचं घर असलेली आणि बेघर झालेला, असं वाचलं की सहानुभूती दारापलीकडे जाते. शिवाय हे लक्षात येतं की चिऊचं 'आत' काऊच्या 'बाहेर' असण्यावर जगतंय. काऊनं हाक मारली नसती तर चिऊच्या घरात काय चाललंय हे आपल्याला कळलंच नसतं. न्हाणं, पुसणं, काजळ, झोप, तिच्या आईपणाचं एकेक चित्र काऊला दिलेल्या उत्तरात आलंय. गोष्टीनं ज्याला दारात ठेवलंय त्याच्यामुळेच घर उजळून दिसतं.

उत्तरपत्रिका इथे संपतात. 'अशा प्रकारे चिमणी स्वार्थी आणि कावळा पीडित आहे हे सिद्ध होते.' मी मार्क कापते. कारण उतरंड तशीच आहे, फक्त मडकी वरखाली झाली. काल कावळ्याला नावं ठेवत होतात, आज चिमणीला. आणि चिमणीला नावं ठेवताना तुम्ही नकळत आणखी एक जुनी उतरंड वापरलीत. घरात मूल सांभाळणाऱ्या बाईचं काम म्हणजे टाळाटाळ, आणि दारातल्या पुरुषाची गरज म्हणजे खरी गरज. काऊ पुल्लिंगी आहे आणि चिऊ स्त्रीलिंगी, हे विसरू नका.

विरचना ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदानं हे स्वतःच बजावून ठेवलंय. १९७२ साली पुस्तकरूपात आलेल्या मुलाखतींत तो म्हणतो की अशा जोड्यांमध्ये दोन शब्द शांतपणे शेजारी बसलेले नसतात, एकाचं दुसऱ्यावर वर्चस्व असतं, म्हणून आधी ते वर्चस्व उलटं करावं लागतं. ती पायरी गाळून थेट 'दोघेही समान' म्हटलं तर जुनी उतरंड मुकाट्यानं जागेवर राहते. पण उलटं करूनच थांबलात तरी तुम्ही त्याच जोडीच्या आत कोंडलेले राहता. तेव्हा पुढे असं काहीतरी शोधायचं जे मजकुरात आहे, पण जोडीच्या कुठल्याच बाजूला मावत नाही.

प्लेटोच्या एका संवादात त्याला असा शब्द सापडला. थॉथ हा देव इजिप्तच्या राजाला लेखनकला भेट देतो आणि सांगतो, हे स्मरणशक्तीचं औषध आहे. राजा म्हणतो, उलट यानं लोक विसरभोळे होतील. तिथे वापरलेल्या 'फार्माकॉन' या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत, औषध आणि विष. भाषांतर करणाऱ्याला त्यातला एक निवडावा लागतो, आणि निवडला की प्लेटोच्या वाक्यातली अडचण पुसली जाते. बोललेलं श्रेष्ठ आणि लिहिलेलं दुय्यम, ही प्लेटोची जोडी त्या एका शब्दावर घसरते. १९६८ साली देरिदानं यावर लांबलचक निबंध लिहिला. तो अवघड आहे, पण त्याचा गाभा एवढाच.

आपल्या गोष्टीत असा शब्द आहे का? आहे, आणि तो चार वेळा आलाय. 'थांब.'

हा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. बसस्टॉपवर मैत्रिणीला म्हणता, "थांब, आलेच." म्हणजे जाऊ नकोस, आपण भेटणार आहोत. आणि अंगावर येणाऱ्याला म्हणता, "थांब! पुढे येऊ नकोस." म्हणजे तिथेच राहा. मराठीत या दोहोंना एकच क्रियापद आहे. हिंदीत 'रुक' आणि 'ठहर' यांत थोडी तरी विभागणी होते, आपण दोन्ही कामं एकट्या 'थांब' कडून करून घेतो. आता चिऊ म्हणते, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.' हे आश्वासन आहे की नकार? दोन्ही. ती 'ये' म्हणत नाही आणि 'जा' ही म्हणत नाही. 'थांब' मध्ये काऊ आतही नाही आणि पुरता बाहेरही नाही, ओळखीच्या दारात ताटकळलेला आहे. चिऊ या शब्दानं दार लावूनही ठेवते आणि उघडण्याचं वचनही देते.

म्हणून 'चिऊ प्रेमळ की निष्ठुर' याचा निकाल मजकुरातून लागत नाही. माहिती कमी पडते म्हणून लागत नाही असं नव्हे. ज्या एका शब्दात तिचं प्रेम आहे त्याच शब्दात तिचा नकार आहे. 'माझ्या बाळाला' हे तिचं प्रेम, आणि तेच तिचं कारण. बाळाची माया आणि काऊची उपेक्षा ही एकाच वाक्याची दोन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं येतं. आत-बाहेर, देणारी-मागणारा या जोड्या इथे गळून पडत नाहीत, त्या राहतातच. फक्त त्यांच्यामधली भिंत होती तिथे एक दार दिसू लागतं, आणि दार हे आतलं की बाहेरचं, सांगा बरं.

एवढंच करायचं असतं. आता नोट्समधलं 'अर्थाचे निश्चितीकरण लांबणीवर पडते' हे वाक्य काढा आणि 'थांब' समोर ठेवून वाचा. चार वेळा लांबणीवर पडतंय, ऐकू येईल इतकं स्पष्ट.

काही ठिकाणी मुलं कशी घसरतात ते सांगते, म्हणजे तुमचं तुम्हाला तपासता येईल. सर्वांत जास्त घसरण 'काहीही अर्थ काढता येतो' इथे होते. एकानं लिहिलं होतं की चिमणी म्हणजे भांडवलशाही आणि मेण म्हणजे सोनं. मी वहीत लिहिलं, कुठल्या शब्दावरून? तो बोट ठेवू शकला नाही. विरचनेत मोकळीक कमी आहे, जास्त नाही. प्रत्येक दाव्याखाली मजकुरातला एखादा शब्द पाहिजे, आणि त्या शब्दाची त्या भाषेतली खरी वापरातली ओळख पाहिजे. माझी स्वतःची घसरण दुसरी होती. कावळा म्हटलं की मला पिंडाला शिवणारा कावळा आठवायचा, 'ये बाबा, शीव' म्हणून आपणच त्याची वाट बघत उभे असतो. 'कावळा शिवला' म्हणून बाहेर बसणारी बाई आठवायची. पाहुण्याची वर्दी देणारा कावळाही आठवायचा. हे सगळं मराठीत खरंच आहे आणि मोहात पाडणारं आहे. पण या मजकुरात पिंड नाही, शिवणं नाही. आता मी ते वर्गात सांगते, पण वाचनाचा पाया त्यावर उभा करत नाही. शेणाचं सारवण मी घेतलं, कारण 'शेण' हा शब्द गोष्टीत आहे आणि तिचा निकालच त्यावर लागतो. सीमारेषा पुसट आहे, मान्य. पण बोट ठेवण्याची सवय असेल तर आपण ती कधी ओलांडली ते कळतं.

आणखी एक. जो मजकूर आधीच डळमळीत आहे, स्वतःच स्वतःवर शंका घेतो, अशी एखादी नवी कविता या वाचनाला फारसं काही देत नाही. तिनं ते काम स्वतः केलेलं असतं. जिथे मजकूर ठाम आहे, शहाणपण सांगतोय, 'हे असंच असतं' म्हणतोय, तिथे हात घाला. सुभाषितं, पाठ्यपुस्तकातले धडे, जाहिराती, संपादकीयं. आणि विरचनेसाठी 'विखंडन' हा शब्द टाळता आला तर टाळा, त्यात हातोड्याचा आवाज येतो. देरिदानं 'डिकन्स्ट्रक्शन' हा मूळ शब्द निवडला तो तत्त्वज्ञ हायडेगरच्या जर्मन शब्दावरून, आणि मोडतोडीचा अर्थ येऊ नये म्हणूनच त्याला वेगळा शब्द हवा होता. पुढे १९८३ साली एका जपानी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही पद्धत नाही असंही सांगितलं. म्हणजे मी वर 'पहिलं काम, दुसरं काम' म्हणाले ती माझी शिक्षकी सोय आहे, तिला सूत्र समजू नका. एखाद्या मजकुरात गाठ आधी दिसेल आणि जोड्या नंतर.

शेवटी, तुमच्या घरची गोष्ट. मी वर मुद्दाम 'चुलीपाशी बस' इथे थांबले. पुढे काय होतं ते घरोघरी वेगळं आहे. काही घरांत काऊ तापलेल्या तव्याला चिकटून भाजतो आणि पळून जातो. काही घरांत तो रात्री चिऊची पिल्लं किंवा अंडी खातो. काही घरांत तो शेकत बसतो आणि गोष्ट संपते. आता हे तीन शेवट 'थांब' शेजारी ठेवा. पिल्लं खाल्ली की चिऊचं चार वेळा 'थांब' म्हणणं शहाणपणाचं ठरतं, नकाराला मागाहून कारण मिळतं. शेकत बसला की तेच 'थांब' निव्वळ 'आलेच' होतं. आणि तव्याच्या शेवटात बघा, मेणाच्या घरातल्या विस्तवानं काय जाळलं? घर नाही, काऊला. जी आग घराला धोक्याची होती ती बाहेरच्याकडे वळवून दिली. तीन शेवट म्हणजे एकच गाठ तीन जणांनी तीन तऱ्हांनी सोडवायला बघितलेली. परीक्षेत हे लिहिलंत तर कुठलाही परीक्षक वाचत राहील.

आणि ही गोष्ट नेमकी कुणाला सांगतात? न्हाऊन, अंग पुसून, काजळ लावून झोपायला आणलेल्या बाळाला. चिऊ काऊला दारात थांबवते त्या वेळात आजी गोष्ट लांबवते. पहिल्याच हाकेला दार उघडलं असतं तर गोष्टच झाली नसती. आमच्या आजीच्या गोष्टीचा शेवट यांतला कुठला होता, मला खरंच आठवत नाही. चौथ्या 'थांब' च्या आधीच मी बहुतेक झोपलेली असायचे.